सात मात्रांचं साधं गाणं: तिसरी गिळायची नाही, आठवी घुसू द्यायची नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भजनी मंडळात बसून वाढलेल्या माणसाच्या हातात आठ मात्रा मुरलेल्या असतात. भजनी ठेका आठाचा, धुमाळी आठाची, केरवाही आठाचाच. टाळ उघडायचा, मिटायचा, आणि त्यात बारा महिने विषम असं काही येत नाही. फार तर एखाद्या गवळणीला सहा मात्रांचा दादरा लागतो, पण तोही तीन-तीनचा, समसमान. मग कुणीतरी सात मात्रांची चाल घेऊन येतो, आणि दोन कडव्यांत मंडळाचे दोन तट पडतात. अर्धे जण गाणं आठात ओढतात, अर्धे सहात ढकलतात, आणि पेटीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत बसतो.

सात मात्रा अवघड आहेत असं काही नाही. साध्या गाण्यात त्या बिघडतात त्या बहुतेक वेळा दोनच जागी. एक म्हणजे तिसरी मात्रा, जी मराठी जीभ गिळून टाकते. दुसरी म्हणजे ओळीच्या शेवटी, जिथे श्वास घ्यायच्या नादात आठवी मात्रा घुसते. या दोन जागा राखल्या की बाकीचं गाणं आपोआप चालतं. खाली चार ओळींचं एक गाणं बांधून दाखवतो. मोजणी, शब्द, ठेका आणि तपासणी हे सगळं त्याच गाण्यावर करू.

आकडे सोडा, पावलं धरा

बहुतेक जण एक ते सात आकडे मोजत सुरुवात करतात. त्याने सात मात्रा पाठ होतात, पण चाल हाताला लागत नाही. सात सारखे ठोके ऐकताना कानाला त्यात कुठे टेकायचं ते कळत नाही, आणि टेकायला जागा नसली की कान एक ठोका आणखी घालून जोडी पुरी करतो. म्हणून सातचे तीन गट करायचे: तीन, दोन, दोन. म्हणजे एक लांब पाऊल आणि दोन आखूड. गाताना डोक्यात सात आकडे नसावेत, तीन पावलं असावीत.

तबलेवाले यासाठी बोल वापरतात, पण मंडळातल्या सगळ्यांना बोल येत नाहीत. आपल्या जिल्ह्यातली तीन गावं मात्र सगळ्यांना येतात. मोठ्याने म्हणून बघा:

निपाणी | गोकाक | रायबाग

नि-पा-णी तीन, गो-काक दोन, राय-बाग दोन. सातही अक्षरं सारख्या वेळाची ठेवायची. बोलताना ‘निपाणी’तला ‘पा’ लांबतो, तसा इथे लांबवायचा नाही. पहिल्या अक्षरावर जरा जोर: निपाणी गोकाक रायबाग. रायबाग संपलं की मध्ये न थांबता पुन्हा निपाणी. सुरुवातीला गाणं नाही, पेटी नाही, फक्त ही तीन गावं, गोल गोल, दोन-तीन मिनिटं. मधेच हसू येतं, ते येऊ द्यावं.

जोर कळला की टाळी आणायची. टाळी फक्त नि, गो आणि राय या तीन अक्षरांवर. इथेच बघा, पहिल्या आणि दुसऱ्या टाळीतलं अंतर बाकीच्या दोन अंतरांपेक्षा जास्त आहे. दीडपट, नेमकं सांगायचं तर. सातची सगळी मजा या दीडपटीत आहे, आणि हात घाई करतो तोही इथेच. तीन टाळ्या सारख्या अंतरावर पडायला लागल्या की समजायचं, निपाणीतला ‘णी’ गेला आणि गाडी सहात आली.

गावांची अदलाबदल करूनही एकदा बघावं. ‘गोकाक निपाणी रायबाग’ म्हटलं की दोन-तीन-दोन होतं, ‘गोकाक रायबाग निपाणी’ म्हटलं की दोन-दोन-तीन. मात्रा तितक्याच, पण चाल पार वेगळी लागते. हा खेळ नुसता गमतीचा नाही. पुढे ठेक्यापाशी आलो की दिसेल, की मंडळातले काही जण तीन-दोन-दोन वाजत असताना दोन-दोन-तीन ऐकत असतात.

आता पाय. उभं राहून त्या तीन जोरांवर पाऊल टाकायचं: डावा, उजवा, डावा. आवर्तन संपलं. पुढचं आवर्तन उजव्याने सुरू होतं: उजवा, डावा, उजवा. तीन पावलं विषम असल्यामुळे दर आवर्तनाला पाय बदलतो आणि दोन आवर्तनं झाली की पुन्हा डाव्यावर येतो. म्हणून सात मात्रांच्या साध्या गाण्यात एक ओळ दोन आवर्तनांची, म्हणजे चौदा मात्रांची ठेवली की ती अंगाला सरळ लागते. प्रत्येक ओळ डाव्या पायावरच उचलली जाते. आमच्याकडच्या एका ढोलकीवाल्या काकांचं शिकवणं एवढंच असायचं: “मोजूलालास कशाला? पाय टाक की.”

पायाचा फायदा असा की एखादं पाऊल किंवा अख्खं आवर्तन सुटलं तर ओळ उजव्या पायावर सुरू होते आणि लगेच कळतं. पण लांब पावलातली एक मात्रा चोरली तर पायाला ते कळत नाही, पाऊल पडायचं तेव्हा पडतंच. ती चोरी पकडायला वेगळी युक्ती लागते, ती पुढे येईल.

शब्द असे निवडा की सात त्यांच्यातच असेल

नवशिका चाल आधी बांधतो आणि शब्द नंतर कोंबतो. सातात हे महागात पडतं. मराठीत सात मात्रांचा तयार साचा आहे, तो घ्यावा: गालगागा. गुरू अक्षराच्या दोन मात्रा, लघूची एक. दोन आणि एक तीन, पुढे दोन, पुढे दोन. म्हणजे आपली तीन-दोन-दोनची पावलं अक्षरांतच बसलेली. गझल लिहिणाऱ्यांना हा साचा पाठ असतो. चार वेळा गालगागा म्हणजे व्योमगंगा वृत्त, आणि चौथ्या वेळी शेवटचा गुरू गाळला तर देवप्रिया. साध्या गाण्याला मला देवप्रिया बरी वाटते. का, ते आता दिसेलच.

आपलं गाणं हे:

पावसाची हाक आली
पेरणीची वेळ रे
चाल दादा, ऊठ आता
बैल दारी हंबरे

कविता म्हणून यात विशेष काही नाही, आणि सरावाच्या गाण्यात ते नसलेलंच बरं. हे मात्रांवर मांडलं की असं दिसतं:

१ २ ३ | ४ ५ | ६ ७
पा ऽ व | सा ऽ | ची ऽ
हा ऽ क | आ ऽ | ली ऽ
पे ऽ र | णी ऽ | ची ऽ
वे ऽ ळ | रे ऽ | ऽ ऽ
चा ऽ ल | दा ऽ | दा ऽ
ऊ ऽ ठ | आ ऽ | ता ऽ
बै ऽ ल | दा ऽ | री ऽ
हं ऽ ब | रे ऽ | ऽ ऽ

आठ आवर्तनं, छप्पन्न मात्रा. प्रत्येक आवर्तनाची पहिली, चौथी आणि सहावी मात्रा बघा. तिथे गुरू अक्षर आहे किंवा मोकळी जागा आहे, लघू कुठेच नाही. लघू अक्षर फक्त तिसऱ्या मात्रेवर येतं. हा नियम पाळला की ताल वाजत नसला तरी शब्दांतून सात ऐकू येतात. नुसतं वाचून बघा.

आणि नुसतं वाचताना पहिला खड्डा लागतो.

तिसरी मात्रा कुठे जाते

‘हाक आली’ आपण बोलताना कसं म्हणतो? ‘हाक् आली’. ‘क’मधला अ उच्चारात नसतोच. ‘पावसाची’ आपण ‘पाव्साची’ म्हणतो, ‘पेरणीची’ ‘पेर्णीची’, ‘चाल दादा’ ‘चाल् दादा’. छंदाच्या हिशेबाने तिथे एक लघू अक्षर आहे, एक मात्रा आहे, पण तोंडात ती नाही. म्हणून मराठी माणूस सात मात्रांचं गाणं बेसावधपणे म्हणायला लागला की हा-क-आ-ली या दोन-एक-दोन-दोनचं हाक्-आ-ली असं दोन-दोन-दोन होतं. सहा मात्रा, दादरा नव्हे पण त्याचा सावत्र भाऊ. ताल कच्चा म्हणून हे होत नाही, बोलण्याच्या सवयीमुळे होतं.

कन्नड घरातला गायक शेजारी बसला असेल तर फरक लगेच ऐकू येतो. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर गळत नाही. ‘बसव’ हा शब्द आपण ‘बसव्’ म्हणतो, ते ब-स-व असं तिन्ही अक्षरं सोडवून म्हणतात. शिवाय तीन-चारच्या गटांची त्यांना जुनी ओळख आहे. गदगच्या वीरनारायणाचा भक्त असलेल्या कुमारव्यासाने पंधराव्या शतकात कन्नड महाभारत ज्या भामिनी षट्पदीत रचलं, तिची ओळ तीन-चार, तीन-चार अशीच चालते. सीमाभागातल्या मंडळात दोन्ही घरांतली माणसं असतातच, तेव्हा सात मात्रांच्या गाण्याला एक कन्नड बोलणारा गायक पुढच्या ओळीत, माईकजवळ बसवावा. बाकीच्यांची तिसरी मात्रा त्याच्या आधाराने टिकते.

तसा कुणी नसेल तर दोन उपाय आहेत. पहिला, लघू अक्षर पूर्ण उच्चारायचं: हा-क-आ-ली, पा-व-साची. सरावाला हाच चांगला, कारण मात्रा जिवंत राहते. पण मंचावर प्रत्येक ओळ अशी सोडवून म्हटली की गाणं शाळेतल्या पाठांतरासारखं लागतं. दुसरा उपाय मुरलेल्या गायकाचा. गुरू स्वरच तिसऱ्या मात्रेत लांबवायचा, आणि व्यंजन चौथ्या मात्रेला टेकायच्या अगदी आधी मिटायचं: हाऽऽक्, आली. कानाला बोलीतला ‘हाक् आली’च ऐकू येतो, पण वेळ पुरे तीन मात्रांचा जातो. दोन्ही उपाय एकाच ओळीवर एकामागून एक करून बघा. आधी अक्षर सोडवून चार वेळा, मग स्वर लांबवून चार वेळा, आणि दोन्ही वेळी टाळ्या नि-गो-राय वरच पडल्या पाहिजेत. दुसऱ्या पद्धतीत टाळी लवकर पडायला लागली तर पुन्हा पहिल्यावर यायचं.

ओळीचा शेवट आणि आठवी मात्रा

दुसरी आणि चौथी ओळ मुद्दाम आखूड ठेवली आहे. ‘वेळ रे’मधला ‘रे’ चौथ्या-पाचव्या मात्रेवर संपतो आणि सहावी-सातवी मोकळी राहते. तिथे श्वास. चारही ओळी व्योमगंगेसारख्या भरगच्च असत्या तर श्वासाला जागाच नसती, आणि गायक ती जागा स्वतः काढतो: ओळ संपल्यावर एक मात्रा थांबतो. सात आणि एक आठ. हात आठाला सवकलेले, त्यामुळे ढोलकी, टाळ, पेटी सगळे त्या आठव्या मात्रेवर आनंदाने एकत्र येतात आणि कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. म्हणून ही चूक पहिल्या चुकीपेक्षा चिवट आहे.

मोकळ्या दोन मात्रा म्हणजे ‘रायबाग’ एवढी जागा. सरावात गायकाने ‘वेळ रे’ म्हणून लगेच तोंडातल्या तोंडात ‘राय-बाग’ म्हणायचं आणि ‘चाल दादा’ उचलायचं. श्वास ‘राय’वर घ्यायचा. ‘बाग’वर घेतला तर पुढचं ‘चा’ उशिरा निघतं.

पहिली आणि तिसरी ओळ भरलेली आहे, तिथे ‘आली’चा ‘ली’ आणि ‘आता’चा ‘ता’ सातव्या मात्रेपर्यंत ओढायचा नाही. सहाव्यावर म्हणून सोडून द्यायचा. लांब सूर लावायचा मोह तिथेच होतो, आणि तिथेच लय ढळते. सूर लावायचाच असेल तर ‘वेळ रे’च्या ‘रे’वर लावावा. तिथे मागे दोन मात्रा आहेत, खर्चायला हरकत नाही, मात्र मग श्वास ‘पेरणीची’च्या आधी चोरून घ्यावा लागेल.

पेटीवाल्यालाही हे सांगून ठेवावं लागतं. आठाच्या भजनात ओळीच्या शेवटी चार सुरांचा तुकडा भरायची त्याच्या बोटांना सवय असते. इथे जागा दोन मात्रांची, म्हणजे सूर दोनच, फार तर द्रुत चार. तुकडा आवडतो म्हणून त्याने जागा वाढवली की गायक थांबतो आणि आठवी मात्रा पक्की होते.

चाल अगदी साधी ठेवावी. आधी चारही ओळी एकाच सुरात, षड्जावर, म्हणाव्यात. मग प्रत्येक पावलाला एक सूर द्यावा: लांब पावलाला सा, पहिल्या आखडाला रे, दुसऱ्याला ग. दुसऱ्या आवर्तनात ग, रे, सा असं परत यावं. सूर पावलागणिक बदलला की कानाला गट आपसूक कळतात. पहिल्या तीन मात्रांत हरकती, मुरक्या घालू नयेत. तिसरी मात्रा तिथे झाकली जाते.

ठेका: रूपक जशाचा तसा घेऊ नका

तबलजी असेल तर तो विचारेल, रूपक वाजवू का? रूपक सात मात्रांचाच ताल आहे, तीन-दोन-दोनच विभाग आहेत:

ती ती ना | धी ना | धी ना

पण त्यात एक गोष्ट वेगळी आहे. रूपकात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, खाली असते. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाही, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. शास्त्रीय बैठकीत त्याचीच गोडी आहे. मंदिरासमोरच्या मंडपात मात्र टाळ धरून बसलेल्या माणसाला पहिला घुमारा ऐकू येतो तो चौथ्या मात्रेवर, आणि तो तीच सम धरतो. त्याला गाणं ‘गोकाक रायबाग निपाणी’ असं ऐकू येतं. गायक ‘पा’वर उचलतो, टाळवाला ‘सा’वर, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

कर्नाटक पद्धतीत हीच मांडणी मिश्र चापू म्हणून ओळखतात, तीन आणि चार. तिथे हिंदुस्थानी तालासारखी खाली-भरीची कल्पना नाही, त्यामुळे समेवर जोर द्यायला अडचण येत नाही. साध्या गाण्याला मला हाच मार्ग पटतो. ढोलकीवाल्याला सांगायचं की पहिल्या मात्रेवर धुमीचा भरदार ठोका, चौथ्या आणि सहाव्यावर हलका, आणि मधल्या मात्रांवर शाईच्या बाजूची नुसती टिचकी:

धा ति ना | धा ना | धा ना

हा काही ग्रंथातला ठेका नाही. पण पहिला धा मोठा आणि बाकीचे दोन लहान ठेवले की लहान मुलालाही पाऊल सापडतं. गाणं रुळलं, महिनाभर झालं, की मग रूपक वाजवून बघावा. तोवर सगळ्यांच्या पोटात सम बसलेली असते आणि खालीची सम उलट छान वाटते.

टाळाला काम कमी द्यायचं. उघड-मीट पूर्ण बंद. पहिल्या मात्रेवर उघडा ठोका, चौथ्या आणि सहाव्यावर मिटलेला. ठण् ऽ ऽ, टच् ऽ, टच् ऽ. टाळवाले चार-पाच असतील तर सरावाला एकच ठेवावा, बाकीच्यांनी हातटाळी धरावी. पाच टाळ एकदम आठात गेले की त्यांना परत आणणारा आवाज कुणाकडेच नसतो.

लय किती, आणि चोरी पकडायची कशी

सुरुवातीला मिनिटाला १४० मात्रा ठेवाव्यात, म्हणजे एक आवर्तन ३ सेकंदांत. या लयीत गावांची नावं सावकाश म्हणता येतात. गाण्याची खरी लय मात्र २१० च्या आसपास, आवर्तन २ सेकंदांत. याहून हळू गायलं तर मोजणी उघडी पडते आणि गाणं सांभाळून चालल्यासारखं वाटतं. २८० च्या वर गेलं की लांब पाऊल आखडत जातं आणि तिन्ही पावलं सारखी होतात. भजनाच्या शेवटी लय वाढवायची आपली जी रीत आहे, ती इथे आखडती घ्यावी.

मोबाईलवरच्या मेट्रोनोमला मात्रा देऊ नका, सम द्या. ३० वर लावला की दर २ सेकंदांनी एक टिक, तीच सम. मधल्या सहा मात्रा तुमच्या तुम्ही राखायच्या. सातही मात्रा यंत्राने दिल्या की माणूस यंत्राच्या मागे मागे चालतो, आणि ते बंद केलं की लय विरघळते.

पायाला न कळणारी चोरी इथे पकडायची. मेट्रोनोम आधी दोन-चार टिक ऐकून बंद करायचा, गाणं दोनदा सलग म्हणायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. दोनदा म्हणजे सोळा आवर्तनं, २१० च्या लयीत ३२ सेकंद. पहिल्या ‘पा’पासून मोजायचं आणि शेवटच्या मोकळ्या दोन मात्रा संपून पुढची सम येते तिथपर्यंत. ३६-३७ सेकंद लागले तर प्रत्येक आवर्तनात आठवी मात्रा आली आहे. २७-२८ लागले तर तिसरी सगळीकडून गेली आहे. बहुतेक वेळा मधलाच आकडा येतो, ३४-३५, आणि त्याचा अर्थ आठवी मात्रा फक्त ओळींच्या शेवटी येते आहे: आठ ओळी, आठ मात्रा, दोन सेकंदांना थोडं जास्त.

मात्र एकट्या सेकंदांवर विसंबू नये, लयही मागेपुढे होते. आकडा नुसता संशय देतो. खात्री करायला रेकॉर्डिंग लावून त्यावर ‘निपाणी गोकाक रायबाग’ म्हणत जायचं. लय थोडी वाढली-घटली तर जीभ तिच्याबरोबर जाते. मात्रा गळली किंवा घुसली तर जीभ अडखळते, आणि अडखळते ती नेमकी त्याच शब्दावर. ‘आली’ आणि ‘पेरणीची’ यांच्या सांध्यावर अडखळली तर श्वासाचं बघा. ‘हाक’वर अडखळली तर तिसऱ्या मात्रेचं.

लोक टाळ्या वाजवायला लागले तर

गाणं रंगलं की समोरचे लोक टाळी धरतात, आणि ते सारख्या अंतरावरच धरतात. दर दोन मात्रांना एक टाळी. नवखा गायक इथे बिचकतो, कारण पहिली सम टाळीवर येते आणि दुसरी दोन टाळ्यांच्या मधे. त्यांच्याकडे बघू नये. चौदा मात्रांत त्यांच्या सात टाळ्या होतात आणि पुढची ओळ पुन्हा टाळीवरच सुरू होते. ‘पावसाची’ टाळीवर, ‘हाक आली’ टाळ्यांच्या मधे, ‘पेरणीची’ पुन्हा टाळीवर. ओळ चौदा मात्रांची ठेवल्याचा हा दुसरा फायदा. आधी घरी एकाने दोन-दोन मात्रांची टाळी द्यायची आणि दुसऱ्याने गायचं, असा सराव केलेला असला की मंडपात त्रास होत नाही. टाळी लोकांकडे, धा ढोलकीवर, आणि आपण पायाशी.

मधेच गाडी घसरली तर सगळ्यांनी थांबून पुन्हा सुरू करू नये. गायकाने ‘चाल दादा, ऊठ आता’ ही ओळ धरून फिरवत राहावं. ती भरलेली आहे, लघू अक्षरं ठळक आहेत, आणि मोकळी जागा नसल्यामुळे तिथे कुणाला भर घालता येत नाही. ढोलकीवाल्याने तेवढ्या वेळात फक्त पहिला धा वाजवायचा. टाळ सापडला की ‘बैल दारी’.

शेवट कुठे करायचा हे आधी ठरवावं, नाहीतर चौथ्या मात्रेवर अर्धे आणि सहाव्यावर अर्धे थांबतात. ‘हंबरे’ हा शब्द त्यासाठी सोयीचा आहे: हं-ऽ-ब-रे-ऽ पाच मात्रा, दोन मोकळ्या, म्हणजे बरोबर एक आवर्तन. ‘बैल दारी हंबरे’ म्हणून ‘हंबरे’ आणखी दोनदा घ्यायचं. तिसऱ्यांदा दोन्ही मोकळ्या मात्रा पुऱ्या जाऊ द्यायच्या, आणि पुढच्या समेवर ढोलकी, टाळ, पेटी यांचा एकच ठोका. गायक त्या ठोक्यावर गप्प असतो.